दुसरे पाकीट

अंजनवेल म्हटले की एन्रॉन आठवते. २० जून १९९२ चा तो सामंजस्य करार स्पर्धात्मक निविदा न मागवताच झाला. त्यामुळे वीज महाग की रास्त, हे ठरवायला शेजारी ठेवून पाहावे असे दुसरे पाकीटच नव्हते. १९९५ मध्ये प्रकल्प रद्द झाला, मग नव्याने वाटाघाटी झाल्या, आणि २००१ मध्ये वीज बंद पडली.

निविदेत काय वेगळे घडते? सरकार सल्लागार नेमते तेव्हा बहुधा दोन पाकिटे मागवते. तांत्रिक पाकिटात किंमत चुकून दिसली, तरी प्रस्ताव बाद होतो. त्यात किमान गुण मिळवणाऱ्यांचेच आर्थिक पाकीट उघडतात.

समजा, ‘अ’ला तांत्रिक गुण ९०, किंमत ६० लाख, ‘ब’ला ७५, किंमत ४८ लाख. सर्वांत कमी किमतीला १०० गुण, त्या प्रमाणात ‘अ’ला ८०. तांत्रिक व आर्थिक गुणांचा भार ७०:३० असेल तर ‘अ’ ८७ विरुद्ध ८२.५ असा जिंकतो. तोच भार ५०:५० असेल तर ‘ब’ ८७.५ विरुद्ध ८५ असा पुढे जातो.

म्हणून जाणता माणूस प्रस्ताव लिहिण्याआधी गुणांचा तक्ता वाचतो. ज्या निकषाला २० गुण, त्याचा पुरावा त्याच क्रमाने, पानाच्या क्रमांकासह जोडतो. दाखला नसलेल्या अनुभवाला गुण नाहीत.

हरलेल्यालाही हे गणित तपासता येते. अंजनवेलच्या करारात तपासण्यासारखे गणितच मांडलेले नव्हते.