विश्लेषण : १०० शेअरचे ७३ झाले, पण गेले काय? कंपन्यांच्या विलीनीकरणाची नोंद वहीत कशी होते?

साकीनाक्याहून पवईकडे जाणाऱ्या साकी विहार रोडवर एल अँड टीच्या आवारात ‘एलटीआयमाइंडट्री’चे कार्यालय आहे. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी ‘एल अँड टी इन्फोटेक’मध्ये (एलटीआय) बेंगळूरुची ‘माइंडट्री’ विलीन झाली आणि ही कंपनी उभी राहिली. या व्यवहारात माइंडट्रीच्या भागधारकांना रोख रक्कम मिळाली नाही, नवे शेअर मिळाले. त्या शेअरची बाजारातील किंमत हजारो कोटींची होती. एलटीआयच्या भागभांडवलात मात्र जेमतेम १२ कोटी रुपयांची भर पडली. हे कसे झाले आणि त्यावरून गुंतवणूकदाराने काय ओळखावे?

शेअरचे गुणोत्तर काय होते?

माइंडट्रीच्या प्रत्येक १०० शेअरमागे एलटीआयचे ७३ शेअर देण्यात आले. माइंडट्रीचा शेअर १० रुपये दर्शनी मूल्याचा होता, तर एलटीआयचा १ रुपयाचा. आकडा १०० वरून ७३ वर आला म्हणून अनेकांना २७ शेअर बुडाल्यासारखे वाटले. पण हे गुणोत्तर दोन्ही कंपन्यांच्या मूल्यांकनावरून ठरते, दर्शनी मूल्याचा त्याच्याशी संबंध नसतो. एलटीआयचा एक शेअर माइंडट्रीच्या एका शेअरपेक्षा महाग होता, म्हणून तो कमी संख्येने मिळाला.

एल अँड टीकडे माइंडट्रीचे सुमारे ६१ टक्के शेअर होते. त्यामुळे इतर भागधारकांप्रमाणे तिलाही नवे शेअर मिळाले आणि विलीनीकरणानंतर नव्या कंपनीत तिचा वाटा सुमारे ६८.७ टक्के झाला. हे ६१ टक्के शेअर खुद्द एलटीआयकडे असते, तर चित्र वेगळे असते. कंपनी स्वतःलाच शेअर देऊ शकत नाही, त्यामुळे तेवढी गुंतवणूक थेट रद्द झाली असती.

वहीत नोंद कशी झाली?

माइंडट्रीचे सुमारे १६.५ कोटी शेअर होते. प्रत्येकी १० रुपयांप्रमाणे तिचे भागभांडवल साधारण १६५ कोटी रुपये होते. त्याशिवाय ३१ मार्च २०२२ च्या ताळेबंदात सुमारे ५,३०० कोटींची राखीव गंगाजळी होती. बदल्यात एलटीआयने सुमारे १२ कोटी शेअर दिले, म्हणजे दर्शनी मूल्याने १२ कोटी रुपये.

ढोबळ आकड्यांत एलटीआयच्या वहीतील नोंद अशी मांडता येते. नावे बाजूला माइंडट्रीची सर्व मालमत्ता येते, तीही तिच्या स्वतःच्या वहीत होती त्याच किमतीला. जमा बाजूला आधी तिची देणी आणि मग ५,३०० कोटींची राखीव रक्कम येते. ही रक्कम मूळच्याच नावाने ठेवतात, म्हणजे साठवलेला नफा हा साठवलेला नफाच राहतो. त्यानंतर नवे भागभांडवल १२ कोटी. आता जुने भांडवल १६५ कोटी आणि नवे १२ कोटी, यांत १५३ कोटींचा फरक उरतो. तो ‘भांडवली राखीव निधी’ म्हणून जमा होतो आणि इतर राखीव निधींपासून वेगळा दाखवावा लागतो. हे १५३ कोटी कमावलेला नफा नाहीत. ते नफातोटा पत्रकातून जात नाहीत आणि लाभांशासाठीही मोजले जात नाहीत.

बाजारभाव कुठे गेला?

त्या सुमारास एलटीआयचा शेअर चार हजार रुपयांच्या वर होता. त्या भावाने १२ कोटी शेअरची किंमत ४८ हजार कोटींहून अधिक होते. वहीत मात्र १२ कोटीच दिसतात. याचे कारण मालकीत आहे. एल अँड टीने २०१९ मध्ये आधी व्ही. जी. सिद्धार्थ यांच्याकडचा सुमारे २० टक्के हिस्सा प्रतिशेअर ९८० रुपयांनी घेतला आणि पुढे माइंडट्रीचा ताबा मिळवला. म्हणजे २०२२ मध्ये एलटीआय आणि माइंडट्री या दोन्ही एकाच मालकाच्या कंपन्या होत्या. अशा वेळी ‘भारतीय लेखा मानक १०३’च्या परिशिष्ट ‘क’नुसार हिशेब एकत्र जोडायचे असतात. एका खिशातले दुसऱ्या खिशात गेल्याने किंमत वाढत नाही, असा त्यामागचा विचार आहे.

मालक वेगळे असले तर?

फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झालेले पीव्हीआर-आयनॉक्सचे विलीनीकरण याच्या उलट आहे. तेथेही शेअरच दिले गेले, आयनॉक्सच्या १० शेअरमागे पीव्हीआरचे ३. पण दोन्ही कंपन्यांचे मालक वेगळे होते, म्हणून ती ‘खरेदी’ मानली गेली. खरेदीत दिलेले शेअर बाजारभावाने मोजतात. दर्शनी मूल्य भागभांडवलात आणि त्यावरची रक्कम शेअर प्रीमियमच्या खात्यात जाते. घेतलेल्या कंपनीची मालमत्ताही नव्याने मूल्यांकन करून वहीत येते आणि तिच्या निव्वळ मूल्यापेक्षा जास्त मोजलेली रक्कम ‘गुडविल’ म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसते. पुढे धंदा अपेक्षेप्रमाणे चालला नाही, तर हेच गुडविल कमी करून तोटा दाखवावा लागतो. माइंडट्रीच्या नोंदीत असे नवे गुडविल निर्माणच झाले नाही.

वाढीचे आकडे कसे फसवतात?

हिशेब जोडण्याच्या पद्धतीत मागच्या वर्षाचे आकडेही दोन्ही कंपन्या तेव्हाच एकत्र होत्या असे धरून पुन्हा मांडावे लागतात. २०२२-२३ मध्ये एलटीआयमाइंडट्रीचे उत्पन्न सुमारे ३३,१८३ कोटी होते. आदल्या वर्षी एकट्या एलटीआयचे १५,६६९ कोटी होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर ११२ टक्के वाढ दिसते. पण आदल्या वर्षाचे दोघींचे एकत्रित उत्पन्न सुमारे २६,१०९ कोटी होते. त्याच्याशी तुलना केली की खरी वाढ २७ टक्के निघते. तुलना बरोबर आहे की नाही, हे ओळखायला मागच्या वर्षाच्या आकड्यांवर ‘पुनर्मांडणी केलेले’ असा शेरा आहे का ते पाहावे. खरेदीच्या पद्धतीत मात्र मागचे आकडे बदलत नाहीत. त्यामुळे तेथे पहिल्या वर्षीची मोठी उडी बरीचशी नव्या कंपनीच्या बेरजेचीच असते.

भागधारकाने काय जपून ठेवावे?

माइंडट्रीच्या मूळ खरेदीची कागदपत्रे. प्राप्तिकराच्या नियमांनुसार अशा विलीनीकरणात शेअरची अदलाबदल ही विक्री मानली जात नाही. जुनी खरेदी किंमत नव्या शेअरना लागू होते आणि मुदतही मूळ खरेदीच्या तारखेपासून मोजतात. कुणी १०० शेअर ९८० रुपयांनी घेतले असतील, तर ९८,००० रुपये आता ७३ शेअरवर विभागले जातात. प्रत्येकी किंमत सुमारे १,३४२ रुपये पडते. डीमॅट खात्यात ही किंमत शून्य किंवा चुकीची दिसू शकते, आणि तीच धरून विवरणपत्र भरले तर नाहक जास्त कर भरावा लागतो. शेअरच्या अपूर्णांकापोटी मिळालेली रोख रक्कम मात्र विक्रीच ठरते, तिचा हिशेब त्याच वर्षी दाखवावा लागतो.