गप्प बसणे म्हणजे होकार नव्हे

मोबाइलवर सिनेमे किंवा गाणी पुरवणाऱ्या एखाद्या सेवेची दरवाढ जाहीर झाली, की बदलापूर लोकलच्या डब्यात हमखास एक युक्तिवाद ऐकू येतो. ‘नोटीस आली होती ना? तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणजे वाढ तुम्हाला मान्य होती.’ त्यावर दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो, ‘मी कुठेच होकार दिलेला नाही, मग मला जुन्याच दराने सेवा मिळायला हवी.’ माझ्या मते दोघेही चुकतात. पहिल्याची चूक मात्र आपल्या खिशाला महाग पडते.

दुसऱ्याचे म्हणणे आधी निकालात काढू. महिन्याची वर्गणी त्या महिन्यापुरती असते. मुदत संपल्यावर जुन्या दराने पुढे सेवा देत राहण्याचे बंधन कंपनीवर सहसा नसते. होकार दिला नाही तर सेवा बंद होते, एवढेच. पैसे आगाऊ दिलेले असल्यामुळे थकबाकीही राहत नाही. ज्या ब्रॉडबँडचे बिल वापरानंतर येते, तिथे मात्र सावध राहायला हवे. नोटीस वाचूनही सेवा वापरत राहिलात, तर त्या वागण्यालाच संमती म्हणता येते.

आता पहिल्याकडे वळू. दर वाढवायचा प्रस्ताव कंपनीचा असतो. समोरच्याने उत्तर दिले नाही म्हणून प्रस्ताव स्वीकारला गेला, असे करारात धरता येत नाही. तरीही खात्यातून वाढीव रक्कम जाते, कारण पैसे कापायची परवानगी आपण खूप आधी देऊन बसलेलो असतो.

एक हिशेब मांडून पाहू. अॅमेझॉन प्राइमची मासिक वर्गणी भारतात डिसेंबर 2021 मध्ये 129 वरून 179 रुपये झाली आणि एप्रिल 2023 मध्ये 299. असेच दर असलेल्या एखाद्या सेवेसाठी अंबरनाथच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणी यूपीआय ऑटोपे लावला आहे, असे समजू. पिन टाकण्याआधी दिसणाऱ्या पडद्यावर ठरावीक रक्कम म्हणून 129 असेल, तर 179 ची मागणी त्या परवानगीत बसत नाही. नवी परवानगी मिळेपर्यंत पैसे अडतात. त्याच पडद्यावर ‘1000 रुपयांपर्यंत’ असे लिहिलेले असेल, तर 179 ही जातात आणि पुढे 299 ही. पुन्हा पिन विचारला जात नाही, कारण बहुतेक वर्गण्यांसाठी 15,000 रुपयांपर्यंतच्या पुढच्या कपातींना तो लागतच नाही. म्हणजे गप्प राहणाऱ्याचे काय होणार, हे दरवाढीच्या नोटिशीवर ठरत नाही. पहिल्या दिवशी घाईत मान्य केलेल्या कमाल रकमेवर ते ठरलेले असते.

यावर उत्तर येते की रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची काळजी घेतली आहे, कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना येते. सूचना येते, हे खरे आहे, आणि ही सोय मोलाची आहे. पण कार्डाच्या आवर्ती व्यवहारांचा 2019 चा नियम नीट पाहा. सूचना आल्यावर तो व्यवहार नाकारता येतो, पण त्यासाठी ओटीपीसारखी जादा पडताळणी करावी लागते. पैसे जाऊ द्यायला काहीच करावे लागत नाही. सगळे कष्ट नकार देणाऱ्याने घ्यायचे. उल्हासनगरच्या बाजारात दिवसभर गिऱ्हाइकांत अडकलेल्या माणसाला पन्नास संदेशांत हा एक दिसला नाही, तर त्याने दरवाढ स्वीकारली असे कसे म्हणायचे?

‘प्रत्येकाची संमती घेत बसलो तर धंदा कसा चालायचा?’ हा शेवटचा आक्षेप. गूगल प्लेवर अशी एक पद्धत आजही चालते. संमती आवश्यक असलेल्या दरवाढीला वर्गणीदाराने वेळेत मान्यता दिली नाही, तर नव्या दराच्या नूतनीकरणाआधी वर्गणी आपोआप रद्द होते.

गप्प राहिलेल्यांसाठी दुसऱ्याने निवड करण्याचे उदाहरण आपल्याकडे आहेच. 2019 मध्ये केबलचे नवे दर लागू झाले तेव्हा ज्यांनी वाहिन्या निवडल्या नाहीत, त्यांना ट्रायने केबलचालकांकरवी ‘बेस्ट फिट प्लॅन’मध्ये बसवायला सांगितले. तिथे घराघरांतला टीव्ही एकाएकी बंद पडू नये हा हेतू होता, आणि मुदतीत निवड बदलायची मोकळीकही होती. मोबाइलवरच्या करमणुकीला ही सबब लागू होत नाही. ती महिनाभर थांबली तर कुणाचे काही बिघडत नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे: कमाल मर्यादा कितीही असो, शेवटच्या कपातीपेक्षा दर वाढला की नवा पिन मागावा आणि तो मिळाला नाही तर वर्गणी संपावी. तोवर यूपीआय अॅपमधली ऑटोपेची यादी उघडून कोणत्या परवानगीपुढे ‘पर्यंत’ आहे ते पाहावे, नको असेल ती तिथेच रद्द करावी. रद्द करूनही पैसे गेले, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी. कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.