नऊ भावंडं, एक सायकल

जुन्नर-आंबेगावात घरोघरी आहेराची वही असते. कुणी किती दिलं ते त्यात उतरतं आणि त्यांच्या कार्याला तेवढंच, जमलं तर थोडं जास्त, परत जातं. लेकराच्या वाढदिवसाला भावंडांनी एकत्र वर्गणी काढून एकच मोठी वस्तू द्यायची म्हटलं, की अडतं ते इथेच. वस्तू सगळ्यांची, मग वहीत कुणाच्या नावावर किती लिहायचं?

माझ्या माहितीतल्या आंबेगावच्या एका घराने हे नीट सोडवलं. मुलगी दहा वर्षांची, चुलत, आते, मामे मिळून भावंडं नऊ. दरवर्षी तिच्याकडे डबे, कंपास आणि टेडी यांची रास पडायची. यंदा ठरली सायकल. ती ६२०० रुपयांची. कुलूप, पंप आणि हेल्मेट धरून ७२००. सारखे वाटे केले असते तर प्रत्येकी ८०० आले असते, पण दोघं अजून कॉलेजात आणि चौघं शेतीवर. म्हणून चाकण-मुंबईतल्या तिघा नोकरदारांनी दीड-दीड हजार घातले, शेतीवाल्यांनी पाचशे-पाचशे, कॉलेजातल्यांनी साडेतीनशे. हिशेब एकट्या थोरल्या ताईकडे. कांद्याची पट्टी हातात यायची होती त्यांचे पैसे तिने आधी आपल्या खिशातून भरले आणि ते किती, हे ग्रुपवर कधीच टाकलं नाही. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. आकडे सगळ्यांसमोर आले असते, तर कमी देणाऱ्याने पुढच्या वेळी काहीतरी निमित्त काढलं असतं. वहीत ओळ पडली ती एवढीच: ‘भावंडांकडून सायकल’, खाली नऊ नावं, आकडा नाही.

खरेदीत मात्र चूक होता होता राहिली. ‘वाढतं अंग आहे, मोठीच घ्या’ म्हणून २६ इंची ठरत होती. ताईने मुलीला अनवाणी भिंतीला टेकून उभं केलं, पायांमध्ये वही धरून जमिनीपर्यंतची उंची मापली आणि तो आकडा घेऊन मंचरच्या दुकानात गेली. तिथे २४ इंची बसली. सीट खाली केली की दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतात, दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिलं तर दोन बोटं जागा उरते. मोठ्या सायकलवर ब्रेक दाबल्यावर पाय टेकत नाही, पोर पडतं आणि भीतीने सायकल सोडून देतं.

आत्या आणि मामा यांना वर्गणीत ओढू नये. बारशाला नाव ठेवणाऱ्या आत्याचं झबलं, मामाचा दागिना हा त्यांचा मान आहे, तो वेगळाच राहू द्यावा. आणि तीन वर्षांच्या पोरासाठी तर हा खटाटोप करूच नये. त्याला दहा पुड्या फोडण्यातच खरी मजा येते; वर्गणीची वस्तू शाळेत जाणाऱ्या, स्वतः काहीतरी मागू लागलेल्या मुलासाठी.