आठ वाजता, पण कुणाच्या?

परवा दिवाळी पहाटच्या तयारीसाठी आपल्या मंडळाची कार्यकारिणी जमली होती. पुण्याच्या गायिकेचं उत्तर अजून का आलं नाही, यावर बराच काथ्याकूट झाला. मेल पाठवणारे गृहस्थ म्हणाले, "अहो, मी तर मुद्दाम सकाळी मिळेल असा लावला होता. उद्या सकाळी आठ!" शेजारी चिवडा खात बसलेला माझा मुलगा म्हणाला, "पण काका, तेव्हा आजीकडे संध्याकाळ असते." सगळे हसले आणि विषय हॉलच्या भाड्याकडे वळला. मला मात्र हसू आलं नाही. आपण इतकी वर्षं न्यू जर्सीत राहतो, रोज तिकडे फोन करतो आणि तरी मेल लावताना आपलंच घड्याळ बघतो.

जीमेलमध्ये `Schedule send` दाबलं की `Tomorrow morning` असा तयार पर्याय समोर येतो आणि त्याखाली आठची वेळ असते. ही वेळ पाठवणाऱ्याची. मेल सांगलीला जाणार आहे की सिडनीला, याच्याशी जीमेलला कर्तव्य नाही. ऑक्टोबरात आपले सकाळचे आठ म्हणजे भारतातले संध्याकाळचे साडेपाच. गायिकाबाई तेव्हा तालमीला निघालेल्या असणार. मेल त्यांच्या सकाळी हवा, तर आपल्याला तो आदल्या रात्री सोडायला हवा. `Monday morning` ची हीच गत. पुण्याच्या ऑफिसात सोमवारी सकाळी नऊला मेल हवा असेल, तर सध्या तो आपल्या रविवारी रात्री साडेअकराला निघायला हवा. तारीखही आदल्या दिवसाची घालायची, हे तर हमखास विसरलं जातं.

इथपर्यंत बहुतेकांना पटतं. "साडेनऊ तास वजा करायचे, त्यात काय!" असं म्हणून लोक मोकळे होतात. खरी गोम पुढेच आहे.

भारताचं घड्याळ बारा महिने एकाच जागी असतं. आपलं हलतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तासभर पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणून न्यू जर्सी आणि भारत यांच्यातलं अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं आणि हिवाळ्यात साडेदहाचं. यंदा आपली घड्याळं 1 नोव्हेंबरला मागे जातील आणि नरकचतुर्दशी व लक्ष्मीपूजन त्यानंतरच्या रविवारी, 8 नोव्हेंबरला आहे. म्हणजे दिवाळीचा मेल लावायचा ऑक्टोबरात, साडेनऊच्या हिशेबात. आणि तो निघणार नोव्हेंबरात, साडेदहाच्या काळात.

आमच्याच घरचं उदाहरण घेते. सासूबाई सांगलीला असतात. 8 तारखेला पहाटे अभ्यंगस्नान उरकून त्या सहाच्या सुमाराला चष्मा लावून टॅबलेट उघडतात, तेव्हा नातवाचं पत्र समोर असावं असं आम्हाला वाटतं. आज फोनमधलं जागतिक घड्याळ पाहिलं तर सांगलीत सकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे आदल्या रात्रीचे साडेआठ. म्हणून शनिवारी, 7 नोव्हेंबरला रात्री साडेआठ अशी वेळ लावली, तर मेल सांगलीत सातला पोचेल. तोवर फराळाला माणसं आलेली असतात. बरोबर वेळ आहे शनिवारी संध्याकाळी साडेसात. मार्चमध्ये हीच चूक उलटी होते. यंदाचा गुढीपाडवा 19 मार्चला होता. फेब्रुवारीतलं अंतर धरून कुणी त्याचा मेल सहासाठी लावला असेल, तर तो पहाटे पाचलाच जाऊन थडकला असेल. जागतिक घड्याळ आजचं अंतर दाखवतं; मेल ज्या दिवशी निघणार त्या दिवशीचं नाही.

म्हणून वजाबाकी करूच नका. गूगल कॅलेंडर उघडून 8 नोव्हेंबरला एक नोंद करा. वेळेशेजारच्या `Time zone` वर जाऊन भारताची वेळ निवडा. यादीत ती कोलकात्याच्या नावाने दिसते; मुंबई-पुणे शोधत बसू नका. मग सकाळचे सहा लिहा आणि नोंद जतन करा. ती तुमच्या कॅलेंडरात शनिवारी 7 तारखेला संध्याकाळी साडेसातला जाऊन बसेल. आता जीमेलमध्ये `Pick date & time` निवडून तीच तारीख आणि तीच वेळ घाला. ज्याला पत्र पाठवायचं त्याच्या घड्याळात विचार करायचा आणि आकडेमोड कॅलेंडरवर सोडायची. लंडनच्या नणंदेलाही हेच लागू, कारण तिकडची घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे आपल्या आधीच मागे जातात.

एक सावधगिरी. जीमेल मेल स्वतःच्या सर्व्हरवरून सोडतं, तुमचा लॅपटॉप बंद असला तरी चालतं. फार तर काही मिनिटं उशीर होतो. पण जुन्या डेस्कटॉप आउटलुकमध्ये घरगुती खात्यावर `Delay Delivery` लावलं, तर त्या वेळी संगणक आणि आउटलुक दोन्ही चालू असावे लागतात. नाहीतर मेल `Outbox` मध्येच पडून राहतो. दुसऱ्या दिवशी तिथे तो दिसला, तर काय झालं ते समजून जा.

आणि फोनवरचे मेसेज? इथे माझा तोल जरा जातो. मेल निदान गुपचूप येऊन पडतो. मेसेज वाजतो. आपण दुपारी चारला मुलांना शाळेतून आणतो, गाडीतच फोटो काढतो आणि आजीला पाठवून देतो. तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. "फोन सायलेंटवर ठेवा म्हणावं," असं आपण म्हणतो. पण आपली म्हातारी माणसं फोन उशाशी ठेवतात, आवाज मोठा ठेवतात, ते आपल्याचसाठी. परदेशातल्या मुलाचा फोन रात्री आला आणि ऐकू गेला नाही तर, ही धास्ती त्यांना असते. तो दीडला वाजला की ती दचकून उठतात, दिवा लावतात, चष्मा शोधतात आणि पाहतात तर गाडीत बसलेला नातू. पुन्हा झोप लागत नाही, ते वेगळंच. आणि "आवडला फोटो" असं उत्तर लगेच आलं की आपण खूश, की बघा, आई जागीच होती!

अँड्रॉइडवरच्या गूगल मेसेजेसमध्ये पाठवायचं बटण दाबून धरलं की वेळ लावता येते. फक्त त्या वेळी फोन चालू आणि नेटवर्कमध्ये हवा. टेलिग्राममध्येही बटण दाबून धरून वेळ लावता येते. आणि काही नको असेल, तर फोटो ठेवून द्या आणि रात्री नऊचा गजर लावून स्वतः पाठवा. तिकडे तेव्हा सकाळ असते, उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात.

कुणी म्हणेल, वेळ लावून पाठवलेल्या शुभेच्छांत कसला आला जिव्हाळा! मला हे पटत नाही, पण त्यावर पुन्हा कधीतरी. मंडळाच्या झूम कार्यक्रमांवर नुसतं "रात्री 8" लिहिण्याबद्दलही मला बोलायचं होतं. भारतातून जोडले जाणारे पालक त्यात कायम गोंधळतात. जागा संपत आली. सूर जरा मास्तरणीचा लागला, त्याबद्दल माफ करा. कार्यकारिणीतल्या त्या गृहस्थांनी तर विशेष करून.

दिवाळीचे मेल ज्यांनी आधीच लावून ठेवलेत, त्यांनी जीमेलमधलं `Scheduled` उघडून वेळ पाहावी. चुकली असेल तर `Cancel send` दाबा. मेल मसुद्यात परत येतो, पुसला जात नाही. मग नव्याने वेळ लावा: शनिवार, 7 नोव्हेंबर, संध्याकाळी साडेसात.