दुरुस्तीचा मेल आणि चौदा पूर्ण दिवस

सप्टेंबर हा गृहनिर्माण संस्थांच्या सचिवांचा दमछाक करणारा महिना. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत उरकायची, लेखापरीक्षकाकडून ताळेबंद ऐन वेळी हातात पडतो, आणि मधेच गणपती. अशा गडबडीत निघालेल्या सूचनेत तारीख चुकली किंवा भलतीच फाइल जोडली गेली, तर त्यात नवल नाही. चूक ध्यानात आल्यावर जो दुसरा मेल जातो, तो मात्र बऱ्याच ठिकाणी पहिल्यापेक्षा जास्त गोंधळ घालतो. या अंकात त्याबद्दल थोडं सविस्तर.

2025 चं कॅलेंडर समोर ठेवून एक उदाहरण घेऊ. समजा, संस्थेने गुरुवारी, 4 सप्टेंबरला सर्व सभासदांना मेल पाठवला. समितीने ठरवलेली सभा रविवारी, 21 सप्टेंबरला सकाळी 10 वाजता. (त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, पण समितीला दुसरा मोकळा रविवार कुठला मिळणार?) मेलमध्ये मात्र ‘रविवार, दि. 20 सप्टेंबर’ असं पडलं. 20 तारखेला शनिवार. सभासदांपैकी काही वार बघून ठरवणार, काही तारीख बघून, आणि दोघंही मेल दाखवून सांगणार की आमचंच बरोबर. नुसती तारीख चुकण्यापेक्षा वार आणि तारीख न जुळणं हे जास्त घातक, कारण वाचणाऱ्याला चूक दिसत नाही. त्याला त्याच्या सोयीचा अर्धा भाग तेवढा दिसतो.

चूक कळल्यावर सचिवाने मेल लिहायला घेण्याआधी बोटं मोजावीत. आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सभेसाठी पूर्ण 14 दिवसांची सूचना लागते. सूचना दिल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही त्यात धरायचे नाहीत. 4 तारखेच्या सूचनेला 5 ते 20 असे 16 दिवस मिळत होते, म्हणजे दोन दिवसांची सवड होती. दुरुस्ती शुक्रवारी 5 तारखेला गेली तर 15 दिवस उरतात. शनिवारी, अनंत चतुर्दशीला गेली तरी 7 ते 20 असे बरोबर 14 भरतात. रविवारी 7 तारखेला गेली की 13. सदस्यांना बरोबर तारीख पहिल्यांदा ज्या दिवशी कळली, त्या दिवसापासून मोजणं हाच सुरक्षित मार्ग, असं आमचं मत आहे. ‘पहिली सूचना वेळेत गेली होती ना’ हा युक्तिवाद उपनिबंधकांसमोर करून बघण्याची हौस कोणी करू नये.

तेव्हा विसर्जनाहून परतल्यावर सोमवारी 8 तारखेला चूक सापडली, तर दुरुस्तीचा मेल हा त्यावरचा उपाय राहत नाही. समितीने सभा रविवारी 28 सप्टेंबरला ठेवावी आणि नवी सूचना काढावी. 9 ते 27 असे 19 दिवस मिळतात आणि महिनाअखेरची मर्यादाही पाळली जाते. नवरात्रात सभा ठेवल्याबद्दल चार जण कुरकुरतील, ते ऐकून घ्यावं.

आता मुदतीत सापडलेल्या चुकीचा मेल. तो जुन्या मेलला उत्तर म्हणून पाठवू नये. उत्तर पाठवलं की ते जुन्याच साखळीत जाऊन बसतं. सभासद फोनवर ‘वार्षिक सभा’ शोधतो तेव्हा आधीचा मजकूर त्याच्यासमोर येतो आणि गावी असलेल्या भावाला तो तोच पुढे ढकलतो. नवा मेल, नवा विषय, आणि बरोबर तारीख विषयाच्या ओळीतच, कारण फोनच्या पडद्यावर निम्मे लोक तेवढंच वाचतात. असा:

विषय: दुरुस्ती – वार्षिक सभा रविवार, 21 सप्टेंबर, सकाळी 10

सप्रेम नमस्कार,
संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा रविवार, दि. 21 सप्टेंबर 2025 रोजी सकाळी 10 वाजता संस्थेच्या सभागृहात होईल. दि. 4 सप्टेंबरच्या सूचनेत तारीख चुकून 20 अशी पडली होती, त्याबद्दल दिलगीर आहोत. विषयपत्रिका, वेळ व ठिकाण यांत बदल नाही. लेखी प्रश्न देण्याची मुदत पूर्वीप्रमाणेच 15 सप्टेंबर.
सचिव

एवढं पुरे. दिलगिरी अर्ध्या वाक्यात आटपली आहे, आणि चूक कशी झाली, टंकलेखकाने काय केलं, याचा पत्ताही नाही. सभासदाला त्यात रस नसतो. चुकीची तारीख एकदाच येते, तीही बरोबर तारखेनंतर. ‘बदल नाही’ हे वाक्य मात्र विसरू नये. ते नसलं तर दुसऱ्या दिवशी ‘वेळ तीच का?’ असे फोन सुरू होतात. प्रश्नांची मुदतही मुद्दाम लिहिली आहे. सभेच्या तारखेवरून मागे मोजून ठरवलेली अशी एखादी तारीख सूचनेत असतेच, आणि मूळ तारीख दुरुस्त करताना नेमकी तीच नजरेतून सुटते.

मेल जाणार कोणाला, हेही बघावं. पहिला मेल सगळ्यांचे पत्ते झाकून पाठवला असेल, तर पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन तीच यादी उचलावी. संगणकातली ‘सभासद’ नावाची यादी मधल्या काळात कोणीतरी बदललेली असू शकते. ज्यांना छापील सूचना घरपोच देऊन सही घेतली होती, त्यांना दुरुस्तीही तशीच द्यावी आणि पुन्हा सही घ्यावी. सूचनाफलकावरचा कागद पेनाने खोडून 21 करू नये. नवा लावावा.

चुकीच्या जोडणीची गोष्ट थोडी वेगळी. त्यात दोन प्रकार आहेत आणि त्यांचे मेल एकसारखे असू शकत नाहीत. लेखापरीक्षित ताळेबंदाऐवजी कच्चा ताळेबंद गेला, तर सरळ सांगावं: कोणती फाइल ग्राह्य, कोणती बाद, आणि दोन्ही ओळखायच्या कशा. ‘Balance Sheet final.pdf’ च्या मागोमाग ‘Balance Sheet final 2.pdf’ पाठवून काहीच साधत नाही. लेखापरीक्षकाची सही आणि शिक्का असलेली प्रत ग्राह्य, असं लिहिलं की कोणालाही ओळखता येते. दोन्हींत आकडे वेगळे असतील तर कोणती रक्कम बदलली तेही एका ओळीत लिहावं. नाहीतर सभेत कोणीतरी दोन्ही प्रती घेऊन उभा राहतो आणि तासभर त्यातच जातो.

दुसरा प्रकार म्हणजे जी फाइल कोणी बघायलाच नको होती ती गेली. थकबाकीदारांचे फोन नंबर, एखाद्या सभासदाचं वारसाच्या नोंदीचं कागदपत्र. इथे दुरुस्तीच्या मेलमध्ये त्या फाइलमध्ये काय होतं याचं वर्णन करू नये, कारण ज्याने उघडली नव्हती तोही मग उघडतो. ‘4 सप्टेंबरच्या मेलमधली जोडणी चुकीची आहे, कृपया ती उघडू नये व मेल काढून टाकावा’ इतकंच लिहून योग्य फाइल जोडावी. ज्याची माहिती गेली त्याला मेल नको. अध्यक्षांनी स्वतः फोन करावा, आणि तो मेलच्या आधी. जुना मेल पुढे ढकलून दुरुस्ती लिहिण्याची सवय असलेल्यांनी इथे जपावं: पुढे ढकलताना जुनी जोडणी आपोआप सोबत जाते, आणि जे लपवायचं तेच पुन्हा घरोघरी पोचतं.

पाठवलेला मेल परत ओढता येतो, या भरवशावर राहू नये. जीमेलमध्ये ती सोय फार तर 30 सेकंदांची असते, तीही आधी सेटिंगमध्ये तेवढी करून ठेवली असेल तर. फाइल जोडण्याऐवजी ड्राइव्हवरचा दुवा पाठवला असेल, तर त्याची परवानगी नंतर काढून घेता येते. पण तोवर कोणी उतरवून घेतली असेल, ती त्याच्याकडे राहते.

शेवटी दप्तर. मूळ मेल आणि दुरुस्ती, दोन्हींच्या छापील प्रती तारीख-वेळ दिसेल अशा फाइलला लावाव्यात, आणि इतिवृत्ताच्या पहिल्या परिच्छेदात ‘दि. 4 सप्टेंबरची सूचना व दि. 5 सप्टेंबरच्या दुरुस्तीनुसार’ असा उल्लेख घ्यावा. मूळ मेल काढून टाकण्याचा मोह होतो. पण सभेला पुढे कोणी हरकत घेतली, तर दुरुस्ती कशाची होती आणि ती कधी गेली, हे दाखवायला तोच लागतो.