मुळे, मुले, मिले

सिंधीपुऱ्यात माझ्या मामांचं कापडाचं छोटं दुकान आहे. दिवाळीआधी त्यांनी नवा फ्लेक्स लावला आणि हौसेने मला फोटो पाठवला. वर मोठ्या अक्षरात 'मुले वस्त्र भंडार'. खाली इंग्रजी, त्याखाली उर्दू. मी लगेच फोन लावला. "मामा, लहान पोरांचे कपडे कधीपासून ठेवायला लागलात?" मामा म्हणाले, "कसली पोरं रे? आमचं आडनाव आहे ते!"

मामांचं आडनाव मुळे. फ्लेक्सवाल्याने ळ चा ल केला आणि खानदानी आडनावाची 'मुले' झाली. इंग्रजीत एम, यू, एल, ई असं छापलं होतं. इंग्रजी शाळेतली पोरं ते 'म्यूल' वाचतात, म्हणजे खेचर. उर्दूची तर आणखी मजा. मुळेमधला उ ऱ्हस्व आहे आणि उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे पाटीवर मीम, लाम आणि बडी ये एवढीच अक्षरं आली. उर्दू वाचणारा माणूस ते सरळ 'मिले' वाचतो, भेटले या अर्थाने. एका पाटीवर तीन लिप्या आणि मामांचं नाव एकीतही नाही.

फ्लेक्सवाल्याकडे गेलो तर उत्तर तयार होतं : "भैया, हिंदी में ळ होता ही नहीं."

मित्रांनो, हे वाक्य आपण सीमेवरच्या सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय आणि मान खाली घालून परत आलोय. ते चूक आहे. केंद्रीय हिंदी निदेशालयाने इतर भारतीय भाषा देवनागरीत लिहिण्यासाठी जी 'परिवर्धित देवनागरी' ठरवली, तिच्यात ळ आहे. म्हणजे ज्या हिंदीचं नाव पुढे केलं जातं, तिच्याच सरकारी संस्थेने हे अक्षर मान्य केलंय. आणि खरा मुद्दा त्याच्याही पुढचा आहे. पाटीवर ळ लिहिला तर हिंदी वाचणाऱ्याचं काय बिघडतं? तो फार तर 'मुले' असा उच्चार करील, दुकान त्याला सापडेलच. पण ल लिहिला तर मराठी वाचणाऱ्याला अर्थच वेगळा लागतो. एका बाजूचं नुकसान शून्य, दुसऱ्या बाजूचं नावच गेलं. मग देवनागरीची एकच ओळ परवडत असेल तर ती मराठी वळणाने का नको?

आपली लिपी एकच आहे म्हणून आपण गाफील राहतो. लिपी एक असली तरी लिहायच्या रीती दोन आहेत. त्याच फ्लेक्सवर कोपऱ्यात 'मैचिंग सेंटर' होतं. हिंदीत इंग्रजी 'ॲ' साठी दोन मात्रा देतात, म्हणून मैचिंग, बैंक, सैमसंग. मराठीत मॅचिंग, बँक, सॅमसंग. आपल्या आजीने 'मैचिंग' हे 'मइचिंग' वाचलं तर हसू नका, ती मराठी बरोबर वाचते आहे. पाटीलचं 'पाटिल' होतं तेव्हा निदान ओळख तरी राहते. चव्हाणचं 'चौहान' केलं की माणूसच बदलतो. ते लिप्यंतर नाही, ते नावाचं भाषांतर आहे.

आता थोडं आपल्याच लोकांना. आपल्यातले काही जण म्हणतात, उर्दू कशाला, इंग्रजी कशाला, मराठीच लावा. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी पाटीचा कायदा आहे, तो बुऱ्हाणपुरात लागू नाही. आणि इथून फार लांब नसलेल्या, अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू असावी की नाही, हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. एप्रिल 2025 मध्ये कोर्टाने उर्दूला हरकत नाही असं सांगितलं. मामांचं निम्मं गिऱ्हाईक उर्दू वाचतं. ती ओळ काढायची म्हणजे मामांच्या गल्ल्यात हात घालायचा. भांडण कुठली लिपी ठेवायची याचं नाहीच. ठेवलेली लिपी नीट लिहिली का, याचं आहे, आणि तिथे आपण कधी भांडत नाही.

याचा धडा आपल्याच गावात दगडावर कोरलेला आहे. बुऱ्हाणपूरची जामा मशीद फारूकी सुलतान आदिलशाहने बांधली. तिच्यात अरबी लेखासोबत संस्कृत लेखही आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरचा. त्यात ईश्वराला 'सृष्टिकर्ता' म्हटलंय. म्हणजे अर्थाचं भाषांतर केलं. पण फारूकी राजांची नावं नावंच ठेवली, देवनागरीत उच्चाराने लिहिली. आदिल म्हणजे न्यायी, म्हणून कोणी 'न्यायराज' कोरलं नाही. कारागिराला कळत होतं की कुठे अर्थ न्यायचा आणि कुठे आवाज.

मामांच्या पाटीचं आम्ही तेच केलं. आधी पाटीचे तुकडे पाडले. 'मुळे' हे नाव, म्हणून सगळीकडे आवाज. 'वस्त्र भंडार' हा धंदा, म्हणून प्रत्येक भाषेत जो शब्द लोक वापरतात तो. मॅचिंग सेंटरला मराठीत सुंदर शब्द शोधायच्या फंदात पडलो नाही, कारण बाई दुकानात येऊन 'मॅचिंग' हाच शब्द वापरते. साड्यांच्या कंपनीचं चिन्ह तिच्या अक्षरात जसंच्या तसं ठेवलं, कारण गिऱ्हाईक ते चित्र म्हणून ओळखतं, आणि बाजूला देवनागरीत उच्चार दिला. रूढ झालेलं नाव मात्र उकरू नये. बाटा हे मुळात चेक आडनाव, तिकडचा उच्चार 'बात्या'च्या जवळचा. म्हणून आपण आता बात्याच्या चपला म्हणणार का?

नाव कुठून उचलायचं हेही महत्त्वाचं. फ्लेक्सवाल्याने मामांचं नाव आधारकार्डाच्या इंग्रजीवरून घेतलं होतं. इंग्रजीवरून परत आलेलं नाव वाटेत झिजलेलं असतं. ठाकूर इंग्रजीत गेले आणि आपल्याकडे टागोर होऊन आले, ते असंच. म्हणून नाव मालकाच्या तोंडून ऐकायचं आणि प्रत्येक लिपीत थेट तिथून न्यायचं. इंग्रजीत आम्ही शेवटच्या ई च्या जागी ए-वाय घातलं, खेचर गेलं. उर्दूत ळ ला वेगळं अक्षर नाही, तिथे लामवर भागवावं लागलं. पण मीमवर पेश दिला, म्हणजे उ ची खूण, आणि 'मिले'चं 'मुले' झालं. उर्दूत तेवढंच जमतं, आणि उर्दूत मुले म्हणजे पोरं नव्हेत, त्यामुळे चालतं.

एक धोका सांगून ठेवतो. फोनवरून उर्दू मजकूर कॉपी करून जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर अक्षरं सुटी होतात आणि उलट्या क्रमाने, डावीकडून लागतात. उर्दू न येणाऱ्याला ते नक्षीसारखं छान दिसतं. म्हणून उर्दू ओळ इनपेजमध्ये बनवून चित्र म्हणून घ्यायची, आणि छापण्याआधी उर्दू वाचणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यायची. आम्ही तीन माणसं धरली : मामी मराठीसाठी, शेजारचे रफू करणारे चाचा उर्दूसाठी आणि आठवीतली एक पोरगी इंग्रजीसाठी. नाव आधी सांगितलं नाही, नुसता कागद समोर धरला. चाचा पहिल्यांदा 'मले' वाचून गेले, कारण पेश फार बारीक होता. तो मोठा केला.

दुसऱ्या फ्लेक्सचे पैसे मामांना पुन्हा भरावे लागले. "भाच्या, तुझ्या एका ळ पायी," ते कुरकुरले. पण जुना फ्लेक्स त्यांनी टाकला नाही, मागच्या खोलीत गठ्ठ्यांवर धुळीसाठी पसरलाय, अक्षरांची बाजू खाली करून.