‘ऑर्डर कन्फर्म’ म्हणजे नेमके काय?

बदलापूर पश्चिमेतील हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत घराच्या तळमजल्यावर किंवा एखाद्या गाळ्यात चालणारे छोटे धंदे मालाची ऑर्डर बहुधा फोनवरच देतात. पलीकडून ‘हो, पाठवतो’ आले की व्यवहार ठरला असे दोन्ही बाजू धरून चालतात. भांडण होते ते टेम्पो दारात उभा राहिल्यावर. एका पानाचे लेखी कन्फर्मेशन ते कसे टाळते, हे एका साध्या व्यवहारावरून पाहू.

समजा, हेंद्रेपाड्यातील एका मसाला पॅकिंगवाल्याने उल्हासनगरच्या कारखानदाराकडे पुठ्ठ्याची २,००० खोकी सांगितली. दर खोक्याला २१ रुपये ५० पैसे, म्हणजे जीएसटी सोडून ४३,००० रुपये. कन्फर्मेशनमध्ये आधी मालाचा कोड येतो. तो पुरवठादाराच्या कोटेशनमधला जसाच्या तसा उतरवावा आणि पुढे वर्णनही लिहावे: फाइव्ह प्लाय, १२ बाय १० बाय ८ इंच, आतले माप. ‘आतले’ हा शब्द राहिला आणि कारखान्याने बाहेरचे माप धरले, तर पुठ्ठ्याच्या जाडीएवढी जागा आत कमी पडते आणि बरोबर मोजून बसवलेल्या पाकिटांची शेवटची रांग बसत नाही. एकटा कोडही पुरत नाही, कारण त्यातला एक आकडा चुकला की थ्री प्लाय माल येतो. शेजारी वर्णन असेल तर विसंगती दिसते आणि शहाणा पुरवठादार माल काढण्यापूर्वी फोन करतो.

दराबद्दल फार सांगण्यासारखे नाही. जीएसटी, भाडे आणि उतरवण्याची हमाली दरात धरली आहे की वेगळी, एवढे लिहिले की पुरे. खोकी सांगितल्यापेक्षा थोडी कमी-जास्त निघतात, म्हणून पाच टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल आणि पैसे प्रत्यक्ष आलेल्या नगांचे मिळतील, ही ओळ मात्र हवी.

पत्त्याची गोष्ट वेगळी. बदलापूर रेल्वेरुळांमुळे पूर्व-पश्चिम विभागलेले आहे, त्यामुळे नुसते ‘बदलापूर’ लिहिणे म्हणजे टेम्पोवाल्याला फेरा घालायला लावणे. बिलाचा पत्ता आणि माल उतरवण्याचा पत्ता वेगळे असतील तर दोन्ही वेगळे लिहावेत, आणि माल घेणाऱ्याचा फोन नंबरही द्यावा. शिवाय इथे उल्हास नदी आहे. जुलै २०१९मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, ती याच खोऱ्यात. पुठ्ठ्याला पाणी लागले की तो रद्दीच. खोकी वाटेत भिजली तर नुकसान कोणाचे? १९३०च्या मालविक्री कायद्याचा सर्वसाधारण नियम असा, की वेगळे काही ठरले नसेल तर मालाची मालकी ज्याची, जोखीम त्याची. खरेदीदाराने स्वतःचा टेम्पो पाठवला, तर माल गाडीत चढतानाच मालकी बदलली असे पुरवठादार म्हणू शकतो. ‘हेंद्रेपाड्यातील पत्त्यावर, पहिल्या मजल्यावर, कोरड्या स्थितीत पोच, तोवर जोखीम पुरवठादाराची’ असे लिहिलेले असेल तर हा वाद निघत नाही. पावसाळ्यात पहिल्या मजल्याचे दोन पैसे जास्त मोजणे परवडते.

सगळ्यात जास्त घोळ पैशांच्या वेळापत्रकात होतो. ‘३० दिवसांत’ असे सर्रास लिहिले जाते, पण कशापासून ३० दिवस? बिलाची तारीख, माल पोचल्याची तारीख की माल तपासून स्वीकारल्याची? आपल्या उदाहरणात ऑर्डरबरोबर ३० टक्के म्हणजे १२,९०० रुपये, माल पोचताच ५० टक्के म्हणजे २१,५०० आणि उरलेले ८,६०० माल स्वीकारल्यापासून ३० दिवसांत, असे लिहावे. जीएसटी कोणत्या हप्त्याबरोबर, तेही सांगावे. पुरवठादार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल तर २००६चा एमएसएमई विकास कायदा लागू होतो. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जात नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. मालाबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असे धरले जाते, म्हणून चलानावर ‘तपासणी बाकी’ लिहून गप्प बसण्यात अर्थ नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. २०२३च्या वित्त कायद्याने यात भर घातली: ही मुदत चुकवून पैसे आर्थिक वर्षाअखेर थकवले, तर त्या खर्चाची वजावट ते चुकते केल्याच्या वर्षीच मिळते. मोठे खरेदीदार ६० किंवा ९० दिवस छापून पाठवतात, ते या पुरवठादारांच्या बाबतीत कागदावरच राहते.

कन्फर्मेशन गेल्यावर पुरवठादाराने ‘कागद महागला, २२ रुपये लागतील’ असे कळवले, तर १८७२च्या करार कायद्याच्या दृष्टीने ती मान्यता नव्हे, नवा प्रस्ताव आहे. तो पटला नाही तर माल निघण्याआधी तसे लिहून कळवावे. गुपचूप माल उतरवून घेतला, तर नवा दर मान्य केला असा अर्थ निघू शकतो. पटला तर जुन्याच क्रमांकापुढे ‘सुधारित १’ लिहून नवे कन्फर्मेशन पाठवावे आणि आधीचे रद्द असल्याचे त्यातच नमूद करावे.